आठ ग्लास आणि चौथी पट्टी

आमच्या धुलाई कारखान्यात फिनेलमावशीला कुणी "कशी आहेस?" विचारत नाही. कारण आपण कसे आहोत ते तीच आपल्याला सांगते. मी संडासातून बाहेर पडून चार पावलं टाकते न टाकते तोच मागून हाक येते, "ए सुकडे, पाणी प्यायचं सोडलंस का? उपास आहे का पाण्याचा?" आणि हे ती कुजबुजत नाही. वाफेच्या यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलते. घडीखात्यातल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसतात आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटतं.

तिच्याकडे बायकांचे चार संडास आहेत. त्यांच्या टाक्या दोन वर्षांपूर्वी बिघडल्या, त्या बिघडल्याच. तेव्हापासून बाई बाहेर आली की मावशी बादली घेऊन आत जाते आणि पाणी ओतते. त्यामुळे कुणाची लघवी कोणत्या रंगाची, हे तिला कुणी न सांगता कळतं. आधी अठरा वर्षं ती एका इस्पितळात आया होती. रोग्यांची भांडी उचलायची, मापायची, ओतायची. तिथल्या एका खडूस नर्सने तिला दम देऊन शिकवलं होतं, की भांडं ओतण्याआधी बघ, नुसतं नाक दाबून पळू नकोस. मावशी ते शिकली आणि इस्पितळ सुटलं तरी तिचं बघणं सुटलं नाही.

मी इस्त्रीखात्यात आहे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ओल्या येतात, तापलेल्या रोलरखालून जातात आणि कोरड्या बाहेर पडतात. आम्ही चौदा जणी. एकीने टोक धरायचं, दुसरीने ताणायचं, समोरच्या दोघींनी झेलायचं. उन्हाळा असो की थंडी, आमच्या खात्यात घाम पाठीवरून वाहून चपलेत जातो. आणि अशा ठिकाणी मी सुकडी का, तर बिल्ल्यामुळे.

बिल्ला म्हणजे पितळेची चकती. चौदा बायकांत दोन. हजेरी लिहिणाऱ्या टाइमबाबूच्या खिडकीवर लटकलेल्या असतात. चकती घेतल्याशिवाय संडासाला जायचं नाही, आणि एका पाळीत एका बाईने दोनदाच जायचं. तिसऱ्यांदा गेलं तर नावापुढे लाल शेरा. महिन्यात तीन शेरे पडले की काम गेलं. मागच्या वर्षी रोलरवरची एक बाई अशीच गेली, आणि ती गरोदर होती. तेव्हापासून आम्ही सगळ्या एकच युक्ती करायला लागलो. सकाळी एक ग्लास, जेवताना एक ग्लास, मधे नुसते ओठ ओले करायचे. वरून आत काही गेलं नाही की खालून बाहेर यायचा प्रश्न नाही. घरात कमावणारी मी एकटी. मला शेरा परवडत नव्हता, म्हणून तहान गिळायला शिकले. मावशी मला रोज शिव्या घालायची आणि मी रोज मान खाली घालून रोलरकडे जायचे.

अशात कल्याणबाई आल्या. कामगारांचं कल्याण बघायला नेमलेल्या, म्हणून आम्ही त्यांना ठेवलेलं नाव. मनाने वाईट नव्हत्या. हातात कायम एक मोठी पारदर्शक बाटली, तिच्यावर तासांच्या रेघा मारलेल्या. नऊ वाजता इथपर्यंत, अकरा वाजता इथपर्यंत. बोलता बोलता त्या घड्याळ बघायच्या आणि दोन घोट घ्यायच्या, तहान असो वा नसो. त्यांनी सगळ्या खात्यांना एकेक छापील कार्ड वाटलं. त्यावर रोजचे आठ ग्लास काढलेले. एक ग्लास पाणी प्यायलं की एक ग्लास निळ्या पेन्सिलीने रंगवायचा. महिनाभरात ज्या खात्याची कार्डं सगळ्यात जास्त भरतील, त्या खात्याला हवेचा नवा कोरा कूलर.

कूलर म्हटल्यावर इस्त्रीखात्याचे कान टवकारले. आमच्या मुकादमीणबाईने त्याच दिवशी दुपारी निळी पेन्सिल ताब्यात घेतली. डबा खाता खाता ती चौदाही कार्डं एका बैठकीत रंगवायची. कधी कधी घाईत दुसऱ्या दिवसाचेही दोन-तीन ग्लास रंगवून टाकायची. घडीखात्यातल्या पोरी मात्र प्रामाणिकपणे प्यायच्या. त्यांच्याकडे पंखे, गारवा, बसून काम, आणि बिल्ले चार. एकीचे संध्याकाळी तीन ग्लास राहिले होते, ते तिने सुट्टीच्या घंटेआधी घटाघटा प्यायले आणि मळमळायला लागलं म्हणून फाटकापाशी डोकं धरून बसली. मावशीने तिला बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"तुला तहान लागली होती का गं?"

"नाही, पण कार्ड राहिलं होतं."

"दिवसभर तुझं नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ जातंय. वरून ओततेस, खालून सोडतेस. मधे तू आहेस की पन्हळ?"

दुसऱ्या दिवशी मावशीने कल्याणबाईंना मोरीपाशीच गाठलं. मी तेव्हा हात धूत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"बाई, हे आठ कुठून आलं?"

"डॉक्टर सांगतात ना मावशी. सगळीकडे लिहिलेलं असतं."

"कुठल्या डॉक्टरने? नाव सांगा. अठरा वर्षं डॉक्टरांच्या मागे भांडी उचलली मी, सगळ्या रोग्यांना आठ ग्लास असं सांगणारा एक भेटला नाही. कुणाला म्हणायचे जास्त पाज. कुणाचं हृदय थकलेलं असेल तर म्हणायचे मोजून दे, जास्त नको. आता तो गाडीत गाठोडी भरणारा बघा, पहाडासारखा माणूस, घामाने निथळतोय. आणि तुम्ही बघा, कपाटाएवढ्या खोलीत गार हवेत बसता. दोघांना आठच?"

कल्याणबाई हसल्या. "मावशी, तुम्ही स्वतः किती पिता?"

"मी? चार मग चहा, आणि तहान लागेल तसं पाणी."

"चहा धरायचा नसतो."

"का? पोटात गेल्यावर त्याचा दगड होतो का? चहात पाणी असतं, डाळीत असतं, कलिंगडात तर दुसरं काही नसतंच. ते सगळं शरीर परत पाठवतं का, की हे कार्डावर नाही म्हणून?"

कल्याणबाईंनी घड्याळ बघितलं, दोन घोट घेतले आणि "बरं बरं" म्हणत गेल्या. मावशीचा पारा चढला तो उतरेना. त्या संध्याकाळी तिने फाटकी चादर घेतली, तिचे चार तुकडे फाडले आणि चहाच्या पाण्यात बुडवले. पहिला नुसता बुडवून काढला, दुसरा जरा वेळ, तिसरा आणखी, चौथा रात्रभर. सकाळी संडासाच्या दाराआत खिळ्यावर चारही पट्ट्या वाळून लटकत होत्या. फिकट पिवळसर, त्याहून गडद, मग मधासारखी, आणि शेवटची करपल्यासारखी.

"ऐका गं," ती प्रत्येकीला दारात अडवून सांगत होती. "पहिली दुसरी दिसली तर कामाला लागा. तिसरी दिसली तर पाणी प्या. चौथी दिसली तर आधी पाणी प्या, मग माझ्याशी बोला. झोपून उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यांचीच गडद असते, ती धरू नका. आणि लाल किंवा कोळशासारखी दिसली तर पट्टी बघत बसू नका, डॉक्टरकडे पळा. ते पाण्याचं दुखणं नव्हे."

पट्ट्यांवरून खूप हशा झाला. मावशीचीही एकदा फजिती झाली. घडीखात्याच्या कारकूनबाईला तिने सगळ्यांसमोर झापलं, की एवढी झगझगीत पिवळी, चमकते आहे नुसती, पाणी पी. ती बिचारी रडकुंडीला आली. मग कळलं की ती ताकदीच्या गोळ्या घेते, आणि त्यांनी रंग तसाच येतो. मावशी तिच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "चुकलं माझं. गोळ्यांचं आधी विचारायला हवं होतं. इस्पितळात असते तर त्या नर्सने माझा कान उपटला असता." मावशीने माफी मागितल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

माझी पट्टी मात्र रोज चौथी. मावशी माझ्यावर ओरडून थकली आणि शेवटी एक दिवस हळू आवाजात बोलली. तेव्हा मला भीती वाटली.

"सुकडे, तुला जळजळ होते ना?"

मी मान हलवली.

"तहान लागते ना? जीभ टाळूला चिकटते ना?"

"मावशी, या महिन्यात माझे दोन शेरे झालेत. तिसरा पडला तर मी घरी."

तिने बादली खाली ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्यावर नाही, बिल्ल्यावर चिडलेली मला दिसली.

कार्डं जमा करायच्या आधी चार दिवस मी पडले. दुपारची वेळ, एका इस्पितळाच्या चादरींचा ढीग, रोलर पूर्ण तापलेला. आधी डोकं ठणकायला लागलं, मग पायात गोळे आले, मग समोरची चादर लांब लांब जायला लागली. तिचं टोक सोडलं एवढंच आठवतं. नशिबाने मागे पडले, पुढे नाही. पुढे रोलर होता.

शुद्धीवर आले तेव्हा मला प्रथमोपचाराच्या खोलीत पंख्याखाली निजवलं होतं, अंगावर ओला कपडा. त्या दिवशी कारखान्याचे डॉक्टर आलेले होते, ते आठवड्यातून एकदाच येतात. त्यांनी नाडी बघितली, दाब बघितला, घोट घोट पाणी पाजलं. कल्याणबाई पायापाशी उभ्या. त्यांच्या हातात माझं कार्ड.

"पाणी कमी पडलं म्हणावं तर तसंही नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "हे बघा. रोज आठ. एक दिवस चुकलेला नाही."

डॉक्टरांनी कार्ड बघितलं. भुवया वर गेल्या. "एवढं पाणी पिऊनही अशी पडत असेल तर मग दुसरं काही आहे. हृदय, साखर. सगळ्या तपासण्या होईपर्यंत हिला उष्णतेजवळ पाठवू नका. मी लिहून देतो, रोलरसाठी अयोग्य."

अयोग्य. रोलरसाठी अयोग्य म्हणजे कारखान्यासाठी अयोग्य, कारण घडीखात्यात जागा नव्हती. मुकादमीणबाई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले आणि ओठांवर बोट ठेवलं. मला तिचा राग आला नाही. मी खरं बोलले तर चौदा जणींची कार्डं खोटी ठरणार होती, कूलर जाणार होता, आणि तिची तर नोकरीच गेली असती. मी गप्प राहिले. डॉक्टरांनी पेन काढलं.

"लघवीचा रंग कसा असतो?" त्यांनी सहज विचारलं, लिहिता लिहिता.

मी लाजले. पुरुषासमोर काय सांगणार?

"चौथी पट्टी!" दारातून आवाज आला. मुकादमीणबाईला एका बाजूला सारून फिनेलमावशी आत आली होती, हातात ओला खराटा तसाच.

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी पेन थांबवलं.

"करपलेल्या चहासारखी, डॉक्टर. आज नाही, गेले कित्येक महिने. मी रोज बघते. आणि ते कार्ड घडी करून खिशात ठेवा, कारण ते खोटं आहे."

"मावशी!" कल्याणबाई ओरडल्या. "तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच विचारत नाही, म्हणून तर सांगायला आले. इस्त्रीखात्याचा पाण्याचा पिंप वीस लिटरचा. सकाळी मी भरते, संध्याकाळी मीच रिकामा करते. चादरी भिजतील म्हणून घरून बाटली आणायला बंदी, म्हणजे पाणी तेवढंच. चौदा बायका, आठ-आठ ग्लास. एकशे बारा ग्लास झाले. वीस लिटरात मावतात का ते? आणि संध्याकाळी अर्ध्याहून जास्त पिंप शिल्लक असतो. त्या पाण्याने मी फरशी पुसते. तुमच्या आठ ग्लासांनी, बाई, फरशी फार छान निघते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "खरं सांग. आज किती प्यायलीस?"

मी मुकादमीणबाईकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते. मावशीकडे बघितलं. तिने मला खूण केली नाही, काही नाही. नुसती उभी राहिली. आता माझं मलाच बोलायचं होतं.

"एक ग्लास," मी म्हणाले. "सकाळपासून एक. तहान लागली होती, खूप लागली होती. पण दोनदा जाऊन आले होते. तिसऱ्यांदा गेले असते तर शेरा पडला असता, आणि हा माझा तिसरा शेरा. मी आजारी नाही, डॉक्टर. मी तहानलेली आहे."

बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. राग होता तो.

डॉक्टरांनी अर्धवट लिहिलेला कागद फाडला. कल्याणबाईंना म्हणाले, "आठ हा आकडा कुणावर बांधून ठेवू नका. तुम्हाला तुमच्या खोलीत पाच पुरतील, जेवणखाण आहे, चहा आहे. या बाईला रोलरवर बाराही कमी पडतील. जिथे एवढा घाम जातो तिथे घसा सुकायची वाट न बघता थोडं थोडं पीत राहायचं, जेवण चुकवायचं नाही, आणि रंग बघायचा. रंग फिकट असेल तर ठीक. म्हाताऱ्या माणसांना तहान लवकर कळत नाही, त्यांचं वेगळं. हिला तर तहान कळत होती. तुम्ही तिला ती भागवू दिली नाहीत."

"बिल्ल्याचा नियम माझा नाही, डॉक्टर. वरून आलाय."

"मग मी वर लिहून पाठवतो." आणि त्यांनी लिहिलं, मोठ्या अक्षरात: तपासणी ठीक, कामास योग्य, पाणी व संडास यांवर कोणतीही मर्यादा नको. त्याचीच दुसरी प्रत लिहून माझ्या हातात दिली. मग मावशीला विचारलं, "त्या पट्ट्या बघायला मिळतील का?" मावशी म्हणाली, "बायकांच्या संडासात आहेत. तशाच चार तुमच्यासाठी बनवते."

कूलर घडीखात्याला गेला. तिथे आधीच गारवा होता, आता पोरी शाली घेऊन बसतात. आमची कार्डं रद्द झाली, पण ती कुणी रंगवली हे कुणी सांगितलं नाही. मुकादमीणबाई माझ्यावर रुसली. "चार दिवस थांबली असतीस तर कूलर पदरात पडला असता," एवढंच म्हणाली. मी म्हणाले, "बाई, मी थांबले नव्हते, मी पडले होते."

डॉक्टरांचा कागद वर गेला की नाही, देव जाणे. तिसऱ्या दिवशी मी कामावर परत आले तेव्हा बिल्ले खिडकीवर तसेच लटकत होते. मावशी पिंपापाशी उभी. तिने सकाळी पिंप भरताना दुसरा पिंपही ओढत आणला होता, कुणाला विचारलं असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी मी तहान लागली की प्यायले. मावशीने कान पिळला होता म्हणून मधे मधेही दोन घोट घेतले. साडेअकरापर्यंत दोनदा जाऊन आले. एक वाजता पुन्हा जायची गरज वाटली. मी रोलर थांबेपर्यंत टोक धरलं, शेजारणीच्या हातात दिलं आणि खिडकीपाशी गेले. बिल्ल्याला हात लावला नाही.

"तिसऱ्यांदा?" टाइमबाबू म्हणाला. लाल पेन त्याच्या कानावर होतं.

"हो. लिहा."

"अगं, तिसरा शेरा पडेल. घरी जाशील."

"डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे. हवा तर बघा, नको तर लिहा. मी जाऊन येते."

मी गेले. परत आले तेव्हा खिडकीपाशी मुकादमीणबाई उभी होती. तिचीही तिसरी खेप. तिच्यामागे शेजारीण, तिच्यामागे आणखी दोघी. कुणी बोलावलं नव्हतं. टाइमबाबूने माझं आणि मुकादमीणबाईचं अशी दोन नावं लिहिली, तिसऱ्या नावावर अडखळला, आणि समोरची रांग बघून पेन परत कानावर ठेवलं. सगळ्या इस्त्रीखात्याला एका दिवसात घरी पाठवायचं तर त्या इस्पितळाच्या चादरी कोण झेलणार होतं? संडासाच्या दारात मावशी बादली घेऊन उभी होती आणि एकेकीला म्हणत होती, "या, या. आज माझं काम वाढलं, पण या."

चार वाजता कल्याणबाई खाली आल्या. त्यांना टाइमबाबूने बोलावलं असावं. बाटली हातात, पण तिच्यातलं पाणी चारच्या रेघेच्या बरंच वर होतं. त्यांनी आधी पिंपात डोकावून बघितलं. तळाला थोडं उरलं होतं. दुसरा अर्धा. मग त्या रोलरपाशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी चादर ताणत होते, थांबले नाही. अख्खं खातं ऐकत होतं.

"आज किती ग्लास झाले तुझे?" त्यांनी विचारलं. आवाजात धार होती की नुसती सवय होती, मला कळलं नाही.

"मोजले नाहीत, बाई," मी म्हणाले. "तहान लागली, प्यायले."